दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये चाळीस जणींचं हळदीकुंकू: कोपरा, तबक, बसायची सोय आणि वाण

लग्नानंतरचं पहिलं संक्रांतीचं हळदीकुंकू असो की नव्या सोसायटीत आल्यावर पहिल्यांदाच घातलेला घाट, बहुतेक जणी आधी सजावटीचे फोटो बघत बसतात. त्याआधी कॅलेंडर बघा. हे हळदीकुंकू मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत करतात आणि रथसप्तमी तिथीने येते, त्यामुळे हाताशी किती दिवस आहेत ते दर वर्षी बदलतं. २०२४ साली रथसप्तमी १६ फेब्रुवारीला होती, म्हणजे चांगला महिनाभर मिळाला. २०२५ ला ती ४ फेब्रुवारीला आली, तर २०२६ ला २५ जानेवारीला. त्या वर्षी जेमतेम दोन शनिवार-रविवार हाती होते आणि एकाच संध्याकाळी तीन-तीन घरची बोलावणी आली. दिवस कमी असतील तर निमंत्रण संक्रांतीच्या आधीच द्या. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी किंक्रांत असते, तो दिवस बऱ्याच घरी टाळतात. सासूबाईंना किंवा आईला एकदा विचारून घ्या.

पुढचं सगळं एक घर डोळ्यांसमोर ठेवून सांगते. टू बीएचके फ्लॅट, हॉल दहा बाय चौदा, बोलावणं चाळीस जणींना, वेळ संध्याकाळी पाच ते आठ. मदतीला एक जाऊ किंवा मैत्रीण आणि एक शाळकरी मुलगी. तुमचं घर याहून मोठं असेल तर उत्तमच, पण युक्त्या याच लागतील.

आधी माणसं कशी येतील ते ठरवा

चाळीस जणी एकदम येत नाहीत, पण सारख्या अंतरानेही येत नाहीत. पाच वाजता शेजारच्या आजी आणि दुपारी मोकळ्या असलेल्या काकू येतात. साडेसहा ते साडेसात या तासात नोकरीवाल्यांची झुंबड उडते. आठनंतर "अगं, ट्रॅफिकमध्ये अडकले" म्हणत दोघी-तिघी येतात, त्यांचा तिळगूळ बाजूला काढून ठेवावाच लागतो. म्हणून निमंत्रणाचा मेसेज एकच पाठवू नका. सोसायटीतल्या बायकांना "पाच ते साडेसहा" आणि ऑफिसच्या मैत्रिणी, नातेवाईक यांना "साडेसहा ते आठ" असं लिहा. सगळ्या जणी पाळणार नाहीत, पण निम्म्यांनी पाळलं तरी पुरतं.

एक बाई साधारण वीस-पंचवीस मिनिटं टेकते. या हिशेबाने ऐन गर्दीत घरात बारा ते पंधरा जणी असतील. म्हणजे बसायला बारा जागा नीट हव्यात आणि तीन-चार जागा ऐनवेळी काढता याव्यात. चाळीस खुर्च्या भाड्याने आणायची काही गरज नाही. त्या आणल्या तर हॉलचा मंगल कार्यालय होतो आणि फिरायला वाट राहत नाही.

कोपरा कुठला

या हॉलमध्ये दार आखूड भिंतीत आहे, समोर खिडकी, डाव्या लांब भिंतीला सोफा, उजवीकडे टीव्ही आणि उजव्याच बाजूला पुढे स्वयंपाकघराची वाट. अशा वेळी मांडणी खिडकीजवळच्या डाव्या कोपऱ्यात करावी. दारातून आत आल्या आल्या तिरकी नजर तिथेच जाते, आणि स्वयंपाकघरातून ट्रे घेऊन येणाऱ्याच्या पायात तो कोपरा येत नाही. दाराजवळच्या कोपऱ्याचा मोह पडतो, कारण तो पटकन दिसतो. पण तिथे मांडलंत तर येणारी प्रत्येक जण उंबऱ्यातच थांबून बघते, फोटो काढते, आणि मागच्या चौघी जिन्यात उभ्या राहतात.

दुसरी गोष्ट पंख्याची. जानेवारीत पंखा लागणार नाही असं वाटतं, पण पंधरा बायका, काठापदराच्या साड्या आणि बंद खिडक्या असल्या की कुणीतरी पंखा लावायला सांगतंच. कोपरा पंख्याच्या थेट खाली असेल तर निरांजन विझतं, रांगोळी उडते आणि कुंकू चौरंगभर पसरतं. आदल्या दिवशी पंखा दोनवर ठेवून कोपऱ्यात एक निरांजन लावून बघा. ज्योत सारखी झुकत असेल तर मांडणी हातभर सरकवा, किंवा निरांजनाऐवजी काचेच्या चिमणीतला दिवा ठेवा.

कोपऱ्याचे दोन भाग मनात पक्के करा, कारण घोटाळा इथेच होतो. एक बघायचा भाग: चौरंग, देवी, सुगडी, फुलं. दुसरा कामाचा भाग: तबकं, तिळगूळ, गजरे, हात पुसायचं फडकं. हे दोन्ही एकाच चौरंगावर मांडलं की पहिल्या दहा जणींतच मांडणी विस्कटते, कारण दर वेळी तिथूनच काहीतरी उचलायचं असतं. कामाच्या भागासाठी चौरंगाच्या बाजूला कमरेच्या उंचीचं एक टेबल घ्या. संध्याकाळभर चाळीस वेळा जमिनीवरून तबक उचललं की आठ वाजता कंबर बोलू लागते. इस्त्रीचं टेबल वर चादर घालून अगदी छान चालतं. लांबट आणि अरुंद असल्याने ते भिंतीलगत बसतं.

पाठीमागचं कापड आणि फुलं

संक्रांतीला काळ्याचा मान. त्यामुळे मागे काळी चंद्रकळा किंवा कुठलीही काळी काठाची साडी सोडली की अर्धी सजावट तिथेच झाली. काळ्यावर पांढरा हलवा आणि पिवळी शेवंती जितकी उठून दिसते तितकी चमकीच्या तयार पडद्यावर दिसत नाही. ते सोनेरी झिरमिळ्यांचे पडदे मला तरी वाढदिवसाचे वाटतात. साडी भिंतीला चिकटपट्टीने लावू नका. वजनाने ती तासाभरात सुटते आणि सुटताना रंगाचे पोपडे घेऊन येते. कोपरा खिडकीजवळ घेण्याचा इथे आणखी एक फायदा आहे: साडी सरळ पडद्याच्या दांडीवरून दुहेरी सोडता येते. निऱ्या दांडीवर कपड्यांच्या चिमट्यांनी धरा आणि चिमटे झेंडूच्या माळेआड लपवा.

आता फुलं. मोगरा उन्हाळ्याचा. जानेवारीत मिळतो तो लांबून आलेला, महाग आणि बऱ्याचदा मलूल. या दिवसांत गजऱ्याला कागडा असतो. त्याला वास नसतो, पण तो पांढराशुभ्र असतो आणि टिकतो. मांडणीसाठी शेवंती आणि झेंडू, दोन्ही याच मोसमात भरपूर असतात. सोबत थोडा निशिगंध घ्या, म्हणजे वासाची बाजूही सांभाळली जाते. मुंबईत दादरचा फूलबाजार आणि पुण्यात मार्केट यार्ड किंवा मंडई गाठली तर एकाच फेरीत सगळं मिळतं. संक्रांतीच्या आसपास गजरेवालीला मात्र दोन दिवस आधी सांगून ठेवा, आयत्या वेळी पंचेचाळीस गजरे कुणाकडेच नसतात.

चाळीस जणींसाठी किलोभर सुटा झेंडू, अर्धा किलो शेवंती, निशिगंधाच्या दहा-बारा काड्या, दाराला एक तयार तोरण आणि पंचेचाळीस छोटे गजरे एवढं पुरतं. गजरा वीतभर असला तरी चालतो. आखूड केसवाल्या तो हाताला बांधतात किंवा पर्समध्ये ठेवतात.

फुलं टिकण्याचं गणित सोपं आहे, पण बरेच जण उलट करतात. झेंडूवर पाणी मारत राहिलं की तो ताजा राहत नाही, पाकळ्यांच्या बुडाशी पाणी साठून काळा पडतो. झेंडू कोरडाच, वर्तमानपत्रावर पसरून, गार खोलीत ठेवा. गजऱ्यांना मात्र ओल हवी. सुती फडकं ओलं करून घट्ट पिळा, त्यात गजरे सैल गुंडाळा आणि स्टीलच्या डब्यात घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. वरच्या बर्फाच्या कप्प्याजवळ ठेवले तर कळ्या काचेसारख्या होतात आणि बाहेर काढताच तपकिरी पडतात. डबा बाहेर काढायचा तो साडेचारला, आणि सगळे गजरे एकदम मांडायचे नाहीत. पंधरा तबकात, बाकीचे फडक्यातच.

पाकळ्यांची रांगोळी किंवा पाण्यावर तरंगणाऱ्या पाकळ्यांचं घंगाळं करायचं असेल तर ते चौरंगापाशीच करा. वाटेवर पाकळ्या नकोत, पायाखाली आल्या की आजी घसरतात. संगमरवरी किंवा पांढरट फरशी असेल तर ओला झेंडू थेट फरशीवर ठेवू नका, खाली ताट घ्या. त्याचा पिवळा डाग फरशीत मुरतो. रांगोळीचंही तेच. उंबऱ्याच्या मधोमध काढलेली रांगोळी पहिल्या सहा साड्यांच्या निऱ्यांबरोबर निघून जाते. दाराच्या एका बाजूला छोटं स्वस्तिक आणि चौरंगाभोवती वीतभर पट्टा, एवढंच संध्याकाळभर शाबूत राहतं.

चौरंगावर काय

चौरंगावर तुमच्या घरी असेल ती देवी: अन्नपूर्णा, अंबाबाईची तसबीर, बाळकृष्णही चालतो. खाली वस्त्र, त्यावर तांदळाची छोटी रास आणि रासेवर मूर्ती. पुढे सुगडी. संक्रांतीला पूजलेली पाच सुगडी असतील तर तीच इथे मांडतात, पण त्यातला ऐवज बदलायला विसरू नका. गाजराचे आणि उसाचे तुकडे मातीच्या बंद बोळक्यात दोन दिवसांत आंबतात, त्याचा वास फुलांच्या वासावर चढतो आणि चिलटं जमतात. हळदीकुंकवाच्या दिवशी दुपारी सुगडी पुसून कोरडी करा. त्यात ताजी बोरं, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या, गाजर, उसाचे पेर आणि वर तिळगूळ घाला. घाटे डहाळ्यांसकट मिळाले तर दोन डहाळ्या चौरंगाच्या कोपऱ्यात उभ्या करा. कुठल्याही विकतच्या शोभेपेक्षा त्या छान दिसतात.

हलवा अगदी शेवटी काढायचा. उघडा राहिला की त्याला दमट हवा लागते, विशेषतः मुंबई-कोकणात, आणि काटेरी दाणे एकमेकांना चिकटतात. त्याहून त्रास मुंग्यांचा. चौरंगावरचा हलवा झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा; दिसतोही आणि राहतोही.

तबक: हाताच्या क्रमाने मांडायचं

तबक सुंदर दिसण्यापेक्षा ते डाव्या हातावर धरून उजव्या हाताने वापरता येणं महत्त्वाचं. म्हणून फार मोठं ताट नको; दहा-बारा इंची तबक पुरे. मोठ्या ताटात सामान जास्त बसतं, पण पाचव्या बाईपर्यंत मनगट दुखायला लागतं आणि ताट तिरकं होतं.

क्रम असा असतो: आधी हळद, मग कुंकू, मग अत्तर, गुलाबपाणी, गजरा, तिळगूळ. सगळं एका तबकात कोंबू नका. पहिल्या तबकात हळदीकुंकवाचा करंडा किंवा कोयरी, अक्षता, ओल्या कापसाच्या बोळ्याची छोटी वाटी आणि कोरडं फडकं. हे तबक यजमानीणबाईंच्या हातात. दुसऱ्या तबकात अत्तरदाणी, गुलाबदाणी आणि गजरे, ते जावेकडे. तिळगुळाची वाटी तिसरीकडे, ती मुलीच्या हातात द्या. लहान मुलीने "तिळगूळ घ्या, गोड बोला" म्हटलेलं सगळ्यांना आवडतं आणि ती संध्याकाळभर कामात राहते.

ओल्या बोळ्याचं कारण सांगते. थंडीत कपाळ कोरडं असतं, वरून पावडरचा थर. कोरड्या बोटाने हळद लावायला गेलं की ती कपाळाला लागत नाही, नाकावरून थेट साडीवर सांडते. अनामिका आधी ओल्या बोळ्याला नुसती टेकवायची, मग हळदीला, मग कपाळाला. बोट फडक्याला पुसायचं आणि तसंच कुंकू. पुसलं नाही तर दहाव्या बाईपर्यंत कुंकवात हळद मिसळते आणि टिकली नारिंगी उमटते. बोट ओलं असल्यामुळे करंड्यात हळूहळू गुठळ्या होतात, म्हणून करंडा काठोकाठ भरू नका. तळ झाकेल एवढंच घाला, पंधरा-वीस जणींनंतर गुठळी काढून टाका आणि नवं भरा. चाळीस जणींना हळद आणि कुंकू प्रत्येकी पन्नास ग्रॅम घेतलं तरी निम्मं उरतं. पाव-पाव किलोची पाकिटं दुकानदाराच्या आग्रहाने घेतली जातात आणि वर्षभर देवघरात पडून राहतात.

कुंकू मात्र चांगल्या दुकानातून, हळदीपासून केलेलं घ्या. भडक गुलाबी-लाल, हाताला लागल्यावर दोन दिवस न जाणारं कुंकू रंगाचं असतं आणि कित्येक जणींच्या कपाळावर त्याने खाज सुटते. आदल्या दिवशी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून रात्रभर ठेवा. सकाळी तिथे लाली दिसली तर ते पाकीट बाजूला ठेवा. काही जणींना पुन्हा ऑफिसला किंवा क्लासला जायचं असतं. "जरा बारीक लाव गं" म्हटलं की बारीकच लावावं.

अत्तर हिवाळ्यात हिना बरं वाटतं; वाळा उन्हाळ्याचा, तो चैत्रातल्या हळदीकुंकवाला. फाया उजव्या हाताच्या पाठीवर ओढतात, मनगटावर नाही. दम्याचा त्रास असलेल्या बाईला वासाने खोकला येतो, म्हणून फाया लावण्याआधी "अत्तर चालेल ना काकू?" एवढं जावेने विचारावं. गुलाबदाणीची भोकं वर्षभर न वापरल्याने बुजलेली असतात. सकाळीच कोमट पाण्यात बुडवून सुईने मोकळी करून घ्या, नाहीतर पहिल्याच आजींवर शिंपडताना झाकणच निघून येतं. गुलाबपाणी हातांवर आणि पदरावर शिंपडायचं. चष्मेवाल्यांच्या तोंडावर अजिबात नको.

तिळगुळाचे लाडू सुपारीएवढे करा. एक किलो मिश्रणात साधारण सत्तर ते ऐंशी लहान लाडू होतात. चाळीस जणी आणि बरोबर आलेली मुलं धरून ते पुरतात. सोबत पाव किलो हलवा. मोठा लाडू दिला की बाई अर्धा खाते, अर्धा हातात धरून बसते, आणि मग तो नेमका सोफ्याच्या फटीत सापडतो.

बसायची सोय

सोफ्यावर तिघी, दिवाणावर तिघी, टीव्हीच्या भिंतीला सहा खुर्च्या. झाल्या बारा. टीव्ही बंद करून त्यावर शाल किंवा ओढणी टाका. मधला चहाचा टीपॉय सरळ बेडरूममध्ये हलवा; शोभेसाठी ठेवला तर प्रत्येकीची साडी त्याच्या कोपऱ्याला अडकते. मध्ये अडीच-तीन फुटांची वाट मोकळी राहिली की तबक घेऊन समोरून वाकता येतं. चौरंगापुढे एक सतरंजी घालून ठेवा. मुलं तिथे बसतात आणि गर्दी वाढली की तरुण मुलीही.

जमिनीवर पाट मांडून सगळ्यांना बसवायची हौस असते, फोटोही छान येतो. पण पन्नाशीपुढच्या निम्म्या जणींचे गुडघे दुखत असतात आणि "नको गं, मी उभीच बरी" म्हणत त्या दारातून परततात. पाट हवाच असेल तर एक ठेवा, नव्या नवरीसाठी किंवा बोरन्हाण असेल त्या बाळाच्या आईसाठी. आजींना हात असलेली खुर्ची द्यायची, उठताना आधार लागतो. आणि दाराबाहेर चपला काढायच्या जागेशी एक स्टूल ठेवा. पट्ट्याचे सँडल वाकून काढताना साडी सांभाळणं फार अवघड जातं.

हळदीकुंकू लावायला पाहुण्यांना कोपऱ्यापाशी बोलावू नका. त्या बसल्या आहेत तिथे तुम्ही जा. एकेकीला उठवून चौरंगापुढे बसवलं की रांग लागते, उठलेल्या बाईची जागा दुसरी घेते आणि सगळं फिसकटतं. चार-पाच जणी आल्या की एक फेरी करायची: सर्वांत मोठ्या बाईपासून सुरुवात, मग एका बाजूने ओळीने, म्हणजे कुणी सुटत नाही. तुमच्या मागे जाऊ, तिच्या मागे मुलगी. पाच जणींची फेरी पाच-सहा मिनिटांत होते. त्यांनी उलट तुम्हालाही लावायचं असतं, तेव्हा तबक त्यांच्यापुढे धरा. फोटोसाठी चौरंगापाशी ज्यांना जायचंय त्या आपणहून जातात.

इथे एक गोष्ट आधीच ठरवून ठेवा, कारण ऐनवेळी अवघडल्यासारखं होतं. शेजारच्या काकू विधवा आहेत, एक मैत्रीण घटस्फोटित आहे, समोरच्या वहिनी मुसलमान किंवा ख्रिश्चन आहेत. माझं मत सरळ आहे: बोलावणं सगळ्यांना, आणि वाण, गजरा, तिळगूळही सगळ्यांना सारखाच. बोटाने लावू की नको असा प्रश्न पडेल तिथे करंडा समोर धरून "काकू, घ्या" म्हणायचं. ज्यांना लावायचं त्या स्वतः लावून घेतात, नको असेल त्या करंड्याला हात लावून नमस्कार करतात, आणि कुणालाही चारचौघींत नाही म्हणावं लागत नाही. फक्त एखादीपाशी करंडा धरला आणि बाकीच्यांना बोटाने लावलं तर तेही डोळ्यांत भरतं, म्हणून त्या फेरीत सगळ्यांपुढेच करंडा धरावा. घरातल्या मोठ्यांना हे पटत नसेल तर तो संवाद हळदीकुंकवाच्या आदल्या आठवड्यात करा, तबक हातात असताना नाही.

खाण्याच्या बश्या

यात फार गुंतू नका. त्या संध्याकाळी ती बाई आणखी दोन घरी जाणार असते. एक तिखट आणि एक पेय पुरे: मटारच्या करंज्या किंवा ओल्या हरभऱ्याचे वडे, आणि मसाला दूध. मुद्दा असा की बशी एका हातात धरून दुसऱ्या हाताने खाता यावं, आणि काही ओघळू नये. रस्सा, पातळ चटणी, दह्यातले पदार्थ रेशमी साड्यांवर नकोत. दूध अर्धा पेलाच द्या, लागलं तर पुन्हा विचारा. पंधरा-सोळा स्टीलच्या बश्या असतील तर त्या धूत धूत तीन तास सहज निघतात. सिंकपाशी कुणी उभं राहणार नसेल तर पानांचे द्रोण आणा. पातळ कागदी बशी गरम करंजीच्या तेलाने मऊ पडते.

वाण

वाण निवडताना मी तीन गोष्टी बघते: हातात मावतं का, वाटेत फुटणार नाही ना, आणि महिन्याभरात वापरून संपेल का. प्लास्टिकचे डबे, चाळण्या, मोबाइलचे स्टँड या घरून त्या घरी फिरत राहतात. तुमचंच वाण पुढच्या वर्षी तुमच्याकडे परत येण्याची शक्यता असते. संपणाऱ्या वस्तू सगळ्यांना हव्या असतात: फुलवाती, गूळ, चांगला मसाला, हळद. टिकाऊच द्यायचं असेल तर स्टीलची छोटी वाटी किंवा जाड सुती पिशवी. पुण्यात अशा वस्तू तुळशीबागेत सुट्या आणि रविवार पेठेत बोहरी आळीला घाऊक मिळतात. मुंबईत भुलेश्वर आणि क्रॉफर्ड मार्केट.

आपल्या हिशेबातल्या घरी सांगलीची हळद द्यायची असं धरू. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. विदर्भातल्या घरी वायगावची हळद देता येईल, तिला २०१६ सालीच मिळालं. दोन्ही नावं पाकिटावर लिहिलेली बायकांना आवडतात. शंभर ग्रॅम प्रत्येकी, पंचेचाळीस पाकिटं, म्हणजे साडेचार किलो. चाळीसवर पाच जास्त यासाठी की कुणी नणंदेला घेऊन येतं, कुणी आईला. हळद थेट कापडी पोटलीत भरू नका. कितीही घट्ट विणीची असली तरी पोटली पिवळी होते आणि ज्या पर्समध्ये जाते तिचा अस्तर रंगवते. आधी बंद होणाऱ्या छोट्या पिशवीत भरा, ती हवा काढून दाबून बंद करा, मग खणाच्या पोटलीत. सगळी पाकिटं आदल्या रात्री एका टोपलीत उलटी करून ठेवा. सकाळी टोपलीत पिवळं दिसलं तर कुठली तरी पिशवी नीट बंद झालेली नाही, ती शोधून बदला.

वाणाची टोपली चौरंगापाशी नाही, दाराजवळ ठेवायची. शोभेला चौरंगावर पाच ठेवा हवी तर. कारण वाण निघताना द्यायचं असतं: बाई उठली, पर्स घेतली, पदर पुढे केला की मग. बसल्या बसल्या दिलं तर बशी, पेला, गजरा आणि वाण सांभाळताना काहीतरी हमखास विसरतं, आणि दुसऱ्या दिवशी "माझं वाण राहिलं का गं तुझ्याकडे?" असा फोन येतो. तुमच्याकडे ओटी भरायची पद्धत असेल तर पसाभर तांदूळ आणि सुपारी द्यायलाही हीच वेळ. चाळीस जणींना साधारण चार किलो तांदूळ लागतील, आणि तांदूळ न्यायला छोट्या पिशव्या ठेवा, कारण हल्ली पदरात ओटी घेऊन घरी जाणाऱ्या फार थोड्या.

कामाला येणाऱ्या मावशींना आणि वॉचमनच्या बायकोला निरोप विसरू नका. त्यांना "उरलं तर देऊ" असं नाही, इतरांबरोबर खुर्चीवर बसवून, तेच वाण.

त्या दिवसाचा क्रम आणि नंतरची आवराआवर

सकाळी फुलं आणि गुलाबदाणी. दुपारी दोनपर्यंत टीपॉय हलवणं, खुर्च्या, साडीचा पडदा. तीनला चौरंग, सुगडी, रांगोळी. चारला तबकं भरून झाकून ठेवा आणि स्वतः तयार व्हा. साडेचारला गजरे बाहेर. निरांजन पाचला दोन मिनिटं असताना लावा. तासभर आधी लावलेलं पहिली पाहुणी येईपर्यंत तेल संपवतं. सात वाजता एकदा कोपऱ्याकडे नजर टाका: तेल, करंडा, गजरे, हलवा. ऐन गर्दीत हे जमत नाही, म्हणून जावेला आधीच सांगून ठेवा.

सोफ्यावर किंवा साडीवर हळद-कुंकू सांडलं तर लगेच ओलं फडकं मारू नका. कोरड्या ब्रशने किंवा नुसतं झटकून आधी भुकटी काढा, ओलं केलं की ती धाग्यात शिरते. सुती कापडावर उरलेल्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालभडक होतो. क्षारामुळे हळदीचा रंग तसा बदलतो, डाग वाढला असं नव्हे. साबण धुऊन टाकला की तो पुन्हा पिवळा होतो, आणि कापड एक-दोन दिवस उन्हात घातलं की फिका पडून जातो. रेशमी साडीला हा उपाय नको, उन्हाने तिचाच रंग उडेल; ती ड्रायक्लीनला द्या आणि डाग हळदीचा आहे असं सांगून द्या.

झेंडू-शेवंती दुसऱ्या दिवशी दोरा काढून कुंड्यांत किंवा सोसायटीच्या खतकुंडीत टाका. उसाचे तुकडे आणि बोरं मुलं संपवतात. उरलेली पाच वाणं कपाटात ठेवू नका. ज्या येऊ शकल्या नाहीत त्यांच्या घरी रथसप्तमीच्या आत तिळगुळाच्या पुडीबरोबर पोहोचवा.